आधी आवाज, मग चेहरा

पीएच.डी.ची मौखिक परीक्षा व्हिडिओवरून घ्यायला विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२० मध्ये मोकळीक दिली, तेव्हा ती टाळेबंदीतली सोय होती. नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत ती सोय कायम झाली. मार्गदर्शक आणि बाह्य परीक्षकांपैकी किमान एक, एवढ्या मंडळासमोर ही परीक्षा ऑनलाइन होऊ शकते, आणि विभागातले प्राध्यापक व संशोधक विद्यार्थी तिला हजर राहू शकतात. ऐन प्रश्नोत्तरात लाइन तुटली तर काय करायचं, हे मात्र विभागाला आणि उमेदवाराला आपापसांत ठरवून ठेवावं लागतं. बहुतेक ठिकाणी ते ठरवलेलं नसतं. मग लाइन तुटते, सगळे एकमेकांना फोन लावत बसतात, आणि पाच-सहा वर्षांचं काम घेऊन बसलेल्या माणसाचं अर्धं लक्ष उत्तरावर आणि अर्धं राउटरच्या दिव्यावर राहतं.

माझं ठाम मत आहे की अशा परीक्षेत आवाज सर्वांत आधी वाचवायचा. चेहरा, स्लाइड, चित्रफीत यांतलं काय आणि कुठल्या क्रमाने सोडून द्यायचं, ते आधी ठरवायचं. हा क्रम लेखी हवा आणि मंडळातल्या प्रत्येकाला माहीत हवा.

एक उदाहरण कल्पून पुढे जाऊ. उमेदवार कुडाळजवळच्या एका गावात माहेरी आहे, बाळ महिन्याचं आहे, म्हणून तिला मुंबईला विभागात जाणं शक्य नाही. प्रबंध दशावतारावर, मराठीत लिहिलेला. मंडळाचे अध्यक्ष आणि मार्गदर्शक मॅडम विभागात बसणार, बाह्य परीक्षक वडोदऱ्याला. परीक्षा जुलैतल्या एका मंगळवारी सकाळी ११ वाजता. घरी फायबरचं कनेक्शन आहे, पण पावसात लाइट जाते. आणि सादरीकरणात तिला जत्रेतल्या प्रयोगाची चित्रफीत दाखवायची आहे.

तिने आधी नेट तपासलं. बहुतेक जण स्पीड टेस्ट करतात, मोठा आकडा बघतात आणि निश्चिंत होतात. तो आकडा डाउनलोडचा असतो, म्हणजे दुसऱ्यांचं आपल्याकडे किती वेगाने येतं याचा. उमेदवाराच्या कामाचा आकडा अपलोडचा, कारण बोलायचं तिला आहे. शिवाय स्पीड टेस्ट काही सेकंदांत लाइनची जास्तीत जास्त ताकद मोजते. ती ताकद तासभर टिकते का, हे त्यातून कळत नाही. लाइन किती स्थिर आहे याचा अंदाज घ्यायला साधी आज्ञा पुरते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ती अशी लिहितात:

```
ping -n 100 8.8.8.8
```

मॅक किंवा लिनक्सवर `-n` च्या जागी `-c` लिहायचं. दूरच्या एका संगणकाला शंभर छोटे निरोप जातात आणि प्रत्येकाचं उत्तर किती मिलिसेकंदांत आलं ते दिसतं. शेवटच्या ओळींत किती निरोप हरवले आणि वेळ किमान, कमाल व सरासरी किती, याचा हिशेब येतो. शंभरात एखादा निरोप हरवला तर आवाजात ते जाणवतही नाही, कारण जूम किंवा मीट छोटी गळती झाकून घेतात. पाच-सातच्या पुढे गेलं की शब्द तुटायला लागतात. कमाल आणि सरासरीतलं अंतरही बघायचं. सरासरी ५० आणि कमाल ९० असेल तर लाइन शांत आहे. सरासरी ५० आणि कमाल ९०० असेल, तर मधेच कुठेतरी रांग लागते आहे.

ही रांग बहुतेक वेळा आपल्याच घरात लागते. फोन आपोआप फोटो गूगलवर चढवत असतो, लॅपटॉप वनड्राइव्हला फायली पाठवत असतो. अपलोडची वाट अरुंद, त्यात या जाड फायली पुढे उभ्या. आपला आवाज म्हणजे एस.टी.च्या आरक्षण खिडकीवर पन्नास फॉर्म घेऊन आलेल्या माणसामागे एकाच तिकिटासाठी ताटकळणारा प्रवासी. तपासायचं कसं? वरची आज्ञा एकदा शांत वेळी चालवायची, आणि एकदा मुद्दाम मोठी फाइल ड्राइव्हवर चढत असताना. दुसऱ्या वेळी सरासरी ५० वरून ५०० वर गेली, तर परीक्षेच्या दिवशी घरातली सगळी आपोआप चालणारी अपलोड बंद ठेवायची. आमच्या उमेदवाराच्या घरी हेच निघालं. बाळाचे फोटो घरातले सगळेच फोन दिवसभर वर पाठवत होते. वेगवान प्लॅन घेण्याची गरजच पडली नाही. ही चाचणी तिने मंगळवारी सकाळी अकरालाच केली, कारण गावातलं नेट रात्री दहाला वेगळं आणि कामाच्या वेळी वेगळं असतं. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत वायफायऐवजी केबल ओढली, म्हणजे भिंतींचा आणि शेजाऱ्यांच्या वायफायचा प्रश्नही मिटला.

आता कशाला किती जागा लागते ते पाहू. जूमने स्वतः दिलेल्या आकड्यांनुसार नुसत्या आवाजाला सेकंदाला ६० ते ८० किलोबिट पुरतात. स्क्रीन शेअरिंगलाही साधारण ५० ते १५०. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला मात्र ६०० किलोबिट ते १ मेगाबिट लागतात. स्लाइडला इतकं कमी लागतं याचं अनेकांना नवल वाटतं. स्थिर स्लाइड एकदाच जाते आणि ती बदलेपर्यंत पाठवण्यासारखं फारसं काही उरत नाही. चेहरा मात्र सतत हलतो, म्हणून सतत पाठवावा लागतो. याचा अर्थ लाइन कुरकुरू लागली की आधी स्क्रीन शेअर बंद करण्याची लोकांची सवय उलटी आहे. आधी कॅमेरा बंद करायचा.

पण परीक्षेत उमेदवाराने आपल्या मनाने कॅमेरा बंद करणं बरं दिसत नाही. समोर तीच व्यक्ती आहे आणि तिला कोणी बाजूने उत्तरं सांगत नाही, याची खात्री मंडळाला हवी असते, आणि ती मागणी रास्त आहे. म्हणून सुरुवातीला कॅमेरा चालू ठेवून ओळखपत्र आणि खोली दाखवायची. पुढे गरज पडली तर ‘सर, आवाज तुटतो आहे, आपली परवानगी असेल तर कॅमेरा बंद करते’ असं म्हणून बंद करायचा. अध्यक्षांनी ही परवानगी आधीच मान्य केलेली असली की त्या क्षणी चर्चा होत नाही. ऐकायला आलेल्या विद्यार्थ्यांनी कॅमेरे आणि माइक पहिल्यापासून बंद ठेवायचे, हेही आमंत्रणातच लिहावं. त्यांचे वीस चेहरे उमेदवाराच्या लाइनवरूनच खाली उतरत असतात. जूममध्ये Stop Incoming Video निवडून आपल्याकडे येणारे चेहरे थांबवताही येतात.

चित्रफीत ही वेगळी अडचण आहे. दशावताराच्या प्रयोगात संकासुराचा प्रवेश, त्याचं नाचत येणं, मागे पखवाज आणि झांज. हे सगळं हलतं आणि वाजतं. स्क्रीन शेअरमधून ते पाठवलं की कमकुवत लाइनवर परीक्षकाला अडखळणारी चित्रं दिसतात आणि पखवाज तर जवळजवळ नाहीसाच होतो. या ॲप्सना माणसाचा आवाज ओळखून बाकीचं गोंगाट म्हणून गाळायची सवय असते, त्यात वाद्यंही गाळली जातात. ज्या प्रबंधाचा एक मुद्दाच ताल आणि पदन्यास यांच्या नात्यावर आहे, त्याला हे परवडणारं नाही. म्हणून चित्रफिती चार दिवस आधी मंडळाला पाठवल्या. सादरीकरणात त्यांतली तीन स्थिरचित्रं ठेवली आणि शेजारी वेळ लिहिली: चित्रफीत २, मिनिट १, सेकंद ४०. परीक्षकांनी हवं तेव्हा आपल्या संगणकावर तो भाग पाहावा, आणि प्रश्न विचारावा.

स्लाइडही पीडीएफ करूनच पाठवल्या. मराठी प्रबंधात ही गोष्ट टाळता येत नाही. युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फाँटमध्ये लिहिलेला मजकूर पॉवरपॉइंट म्हणून पाठवला आणि परीक्षकाकडे तो फाँट नसला, तर त्यांना अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा गुंता दिसतो. पीडीएफमध्ये फाँट फाइलबरोबरच बांधला जातो. तरी पाठवण्याआधी ती दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून बघावी, म्हणजे जोडाक्षरं जागेवर आहेत की नाहीत ते कळतं. प्रत्येक स्लाइडवर ठळक आकडा हवा, आणि स्लाइड बदलताना तो मोठ्याने उच्चारायचा: ‘आता सात.’ ज्यांच्याकडे चित्र उशिरा पोहोचतं, त्यांना कुठे आहोत ते कळतं. ज्यांच्याकडे पोहोचतच नाही, ते पीडीएफचं सातवं पान उघडतात.

स्क्रीन शेअर करताना एक घोटाळा वारंवार होतो. उमेदवार पॉवरपॉइंटची खिडकी निवडून शेअर करतो, मग स्लाइड शो सुरू करतो. स्लाइड शो नव्या खिडकीत उघडतो आणि मंडळाला मात्र जुनीच, पहिल्या स्लाइडवर थांबलेली खिडकी दिसत राहते. उमेदवार बारावीपर्यंत पोहोचतो, तेव्हा कोणीतरी चाचरत सांगतं की आम्हाला अजून शीर्षकच दिसतं आहे. पूर्ण स्क्रीन शेअर केली तर हे होत नाही, पण मग व्हॉट्सॲपचे निरोप सगळ्यांना दिसतात. पॉवरपॉइंटच्या Set Up Slide Show मध्ये Browsed by an individual (window) हा पर्याय निवडला की शो त्याच खिडकीत चालतो. त्याहून सोपं म्हणजे पीडीएफ उघडून तीच खिडकी शेअर करणं. मॅकवर स्क्रीन दाखवायची परवानगी आधी द्यावी लागते आणि ती दिल्यावर ॲप बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं; परीक्षेच्या मध्यात हे करणं म्हणजे बाहेर जाऊन परत येणं. म्हणून रंगीत तालीम त्याच लॅपटॉपवर, त्याच ॲपवर, विभागातल्या कोणाला तरी समोर बसवून करावी.

आता पर्यायी व्यवस्था. आमच्या उमेदवाराने आणि मार्गदर्शक मॅडमनी मिळून एक पान तयार केलं आणि ते परीक्षकांनाही पाठवलं. पहिली पायरी: आवाज तुटला की परवानगी घेऊन कॅमेरा बंद. दुसरी: तरी तुटत असेल तर उमेदवाराने शेअर थांबवायचं, आणि विभागात बसलेल्या एका संशोधक विद्यार्थ्याने तीच पीडीएफ तिकडून दाखवायची. विभागाची लाइन चांगली आहे आणि उमेदवाराला फक्त ‘पुढची’ म्हणायचं आहे. ही व्यवस्था फार थोड्या ठिकाणी दिसते आणि ती सर्वांत उपयोगी आहे. तिसरी: घरचं नेट पूर्ण गेलं तर फोन. हा फोन दुसऱ्या कंपनीच्या सिमवर, पहिल्यापासून मीटिंगमध्ये हजर असायचा. त्याचा माइक आणि स्पीकर मात्र बंद, कारण एका खोलीत दोन उपकरणांचे आवाज चालू राहिले की घुमायला लागतं. नाव लिहायचं ते उमेदवाराचं आणि पुढे ‘फोन’. लॅपटॉप बाहेर फेकला गेला तरी उमेदवार मीटिंगमध्येच राहते.

चौथी पायरी साध्या फोन कॉलची. विभागातला फोन स्पीकरवर ठेवून माइकजवळ धरायचा, म्हणजे वडोदऱ्यालाही ऐकू जातं. इथे एक खाच आहे. दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये एका सिमवर कॉल चालू असताना दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. म्हणून ज्या फोनवर मीटिंग चालू आहे त्यावर कॉल घ्यायचा नाही. कॉलसाठी भावाच्या फोनचा नंबर त्या पानावर दिला होता. पाचवी पायरी थांबण्याची. दहा मिनिटांत संपर्क झाला नाही, किंवा तीन पायऱ्या वापरूनही उत्तरं कळत नसली, तर अध्यक्षांनी परीक्षा स्थगित करायची, कारण तांत्रिक असल्याचं इतिवृत्तात लिहायचं आणि पुढची तारीख त्याच दिवशी कळवायची. हा निर्णय उमेदवाराने मागायचा नाही आणि परीक्षकानेही एकट्याने घ्यायचा नाही.

लाइटचा विचार वेगळा करावा लागतो. लॅपटॉपची बॅटरी तीन तास चालते, पण लाइट गेल्याक्षणी राउटर आणि फायबरचा डबा बंद पडतो. या दोघांपुरता छोटा यूपीएस बाजारात मिळतो. मोबाइल डेटावर विसंबून राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, लाइट गेली की गावातले सगळेच मोबाइल डेटावर येतात आणि टॉवरवर गर्दी होते. तेव्हा घरचं फायबर चालू ठेवणं जास्त भरवशाचं.

आता ११ वाजून ३५ मिनिटं झाली असं धरू. परीक्षक विचारतात, ‘तुम्ही निवडलेल्या मंडळांपैकी…’ आणि पुढचं ऐकू येत नाही. सगळ्यांचेच चेहरे गोठले असतील, तर गडबड उमेदवाराच्या लाइनमध्ये आहे. फक्त परीक्षकांचा चेहरा गोठला असेल आणि अध्यक्ष हलत असतील, तर गडबड वडोदऱ्याला आहे. तिला सगळं नीट ऐकू येतं पण बाकीचे ‘आवाज येत नाही’ म्हणतात, तर तिचं अपलोड अडलं आहे. हे तीन फरक ओळखता आले की घाबरून राउटर बंद-चालू करायची वेळ येत नाही. इथे अध्यक्ष नीट हलताना दिसत आहेत. ती शांतपणे म्हणते, ‘सर, निवडलेल्या मंडळांपैकी, यानंतरचं ऐकू आलं नाही.’ ‘पुन्हा सांगता का’ म्हटलं की परीक्षक लांबलचक प्रश्न पहिल्यापासून सांगतात आणि दुसऱ्यांदा तो थोडा बदललेलाही असतो. नेमका शब्द सांगितला की तिथूनच पुढे चालू होतं.

प्रश्न पूर्ण आल्यावर ती एक-दोन सेकंद थांबते, कारण आवाज उशिरा पोहोचत असेल तर परीक्षकांचं वाक्य अजून संपलेलं नसू शकतं. मग प्रश्न एका वाक्यात परत मांडते: ‘मी फक्त परंपरेने जत्रा असलेली मंडळंच का घेतली, असं आपण विचारता आहात.’ आणि उत्तराचा निष्कर्ष आधी देते, कारणं नंतर. समोरासमोर बसल्यावर आपण उलट करतो, भूमिका मांडत मांडत निष्कर्षाकडे येतो. तुटक लाइनवर ती पद्धत घातक ठरते, कारण तुटते ती नेमकी शेवटची ओळ. १२ वाजता लाइट जाते, आवाज अडखळतो, ती परवानगी घेऊन कॅमेरा बंद करते आणि यूपीएसवर राउटर चालू असल्यामुळे पुढच्या पायऱ्यांची गरज पडत नाही. परत जोडल्यावर ती उत्तर पहिल्यापासून सुरू करत नाही. ‘कुठपर्यंत ऐकू आलं?’ असं विचारून तिथून पुढे बोलते.

मीटिंग चालवणाऱ्याकडेही तीन गोष्टी असतात. एक, खातं विद्यापीठाचं असावं. जूमच्या मोफत खात्यावर ४० मिनिटांत आणि मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा अधिक माणसं असली की तासाभरात मीटिंग संपते, आणि ती प्रश्नोत्तरांच्या ऐन मध्यातच संपते. दोन, सह-यजमान नेमलेला असावा आणि त्याने प्रतीक्षा कक्षावर डोळा ठेवावा. बाहेर फेकला गेलेला उमेदवार परत येतो तो थेट खोलीत नव्हे, प्रतीक्षा कक्षात. तिथे कोणाचं लक्ष नसलं तर तो दहा मिनिटं बाहेर थांबतो आणि आत सगळे समजतात की त्याचं नेट गेलं. तीन, निकालाच्या चर्चेसाठी उमेदवाराला बाहेर पाठवताना जूममधलं Remove दाबू नये. एकदा काढलेली व्यक्ती, तशी परवानगी सेटिंगमध्ये दिलेली नसेल तर, त्याच मीटिंगमध्ये परत येऊ शकत नाही. Put in Waiting Room निवडावं, आणि तिचा तो दुसरा, ‘फोन’ नावाचा प्रवेशही त्याच वेळी बाहेर पाठवावा. तो आत राहिला, तर मंडळाची गोपनीय चर्चा कुडाळमध्ये ऐकू जाते.

चर्चा झाली की परीक्षकांनी अहवालावर सही करून त्याची स्कॅन प्रत त्याच दिवशी विभागाच्या ईमेलवर पाठवायची. त्यासाठी कोरा नमुना आधीच त्यांच्याकडे पोहोचलेला असावा. लाइन किती वेळा तुटली, कॅमेरा कोणाच्या परवानगीने बंद झाला, पान कुठल्या पायरीपर्यंत वापरलं, हे इतिवृत्तात दोन ओळींत लिहावं. पुढे कोणी परीक्षेच्या रीतीबद्दल प्रश्न उपस्थित केला, तर विद्यापीठाच्या पीएच.डी. कक्षाकडे दाखवायला त्या दोन ओळी आणि ते आधीचं पान, दोन्ही असतात.